शब्दाशब्दाच्या मधे 👏 टाकणं : जोर की टोमणा?

गोदाकाठची_अनू (धागाकर्ती)

मंडळी, आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीच्या ग्रुपवर सध्या एका मेसेजवरून दोन गट पडलेत आणि मला खरंच कळत नाहीये की कोण बरोबर आहे, म्हणून इथे टाकतेय.

गच्चीवरच्या टाकीचं झाकण कुणीतरी रोज उघडं टाकून जातं. कबुतरांची पिसं पाण्यात, दोनदा टाकी धुवून झाली. कमिटीत यंदा एक चोवीस-पंचवीसची मुलगी आलीये, हुशार आहे, कामाची आहे, तिने रात्री मेसेज टाकला:

टाकीचं 👏 झाकण 👏 लावत 👏 जा 👏

सकाळी बघते तर तिसऱ्या मजल्यावरचे काका (बँकेतून रिटायर झालेत, एरवी अगदी शांत माणूस) त्यांचं उत्तर, "टाळ्या नक्की कशाबद्दल? टोमणे मारायचे असतील तर मीटिंगमध्ये समोर मारावेत." ती म्हणाली काका टोमणा नाहीये, मी फक्त जोर देऊन सांगतेय. बरं हे इथे मिटलं असतं, पण तिचाच धाकटा भाऊ, कॉलेजला आहे एचपीटीला, तो मधेच म्हणाला, "दीदी हे टोमण्यासारखंच वाटतंय." मी बेचाळीसची, मला तर तो सरळ सरळ जोर वाटला. मग काका आणि तो पोरगा एका बाजूला आणि आम्ही मधल्या वयाचे दुसऱ्या बाजूला असं कसं काय झालं? म्हातारे एकीकडे नि तरुण एकीकडे असं असतं तर मी समजू शकले असते.

मखमलाबादचे_नाना

अनूताई, तुमच्या काकांच्या बाजूने मी बोलतो. वय सदुसष्ट.

टाळी ही कुणीतरी काहीतरी करून दाखवल्यावर वाजते. कालिदासला नाटकाचा पडदा पडला की वाजते, शाळेत पोराने बक्षीस घेतलं की वाजते. म्हणजे आधी काम, मग टाळी. आता इथे काम काय झालंय तर टाकी उघडी राहिलीये. त्याच्यावर टाळी म्हणजे "वा, काय पराक्रम केलात" असाच अर्थ निघणार ना. मी तुम्हाला सांगतो, आमच्या ऑफिसात एखाद्याने घोळ घातला की साहेब खुर्चीत बसल्या बसल्या सावकाश तीन टाळ्या वाजवायचे, टप.. टप.. टप. त्यापेक्षा शिव्या परवडल्या. तो मेसेज मी वाचला की मला नेमका तोच आवाज येतो, कारण शब्दाशब्दावर थांबून थांबून टाळी आहे, सलग नाही.

आणि दुसरी गोष्ट, टाळी वाजवून आपण कबुतरं हुसकावतो. त्या अर्थाने घेतली तर जास्तच वाईट.

सातपूरचा_बंटी

भावा हे शब्दांच्या मधे टाकायला वेळ फार जातो, प्रत्येक शब्दानंतर कीबोर्ड बदलायला लागतो. सोपं करायचं तर आधी पूर्ण वाक्य लिहा, एक टाळी कॉपी करा आणि मग जिथे स्पेस आहे तिथे पेस्ट पेस्ट पेस्ट. मराठी कीबोर्डवर पण चालतं.

गोदाकाठची_अनू

@सातपूरचा_बंटी धन्यवाद दादा पण टाकायचं कसं हा प्रश्न नव्हता 😄 टाकू की नको हा होता.

कॉलेजरोड_कट्टेकरी

याचं मूळ सोपं आहे. २२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यूच्या संध्याकाळी पाच वाजता सगळा देश बाल्कनीत येऊन टाळ्या-थाळ्या वाजवत होता, तेव्हापासून हा इमोजी घराघरात गेला, आणि नंतर त्याच प्रकारावर लोकांनी विनोद केले म्हणून तो टोमण्याचा झाला. आधी कौतुक, मग चेष्टा. बास, एवढंच आहे. सीनियर लोकांना तेव्हाचं कौतुक आठवतं.

भाषेचा_किडा

@कॉलेजरोड_कट्टेकरी अर्धं पटतंय. त्या दिवसानंतर आपल्याकडे घरच्या ग्रुपांवर 👏👏👏 ची रेलचेल झाली हे मलाही आठवतं. पण ती सगळी वाक्याच्या शेवटी, ओळीने आणि कौतुकाची. अनूताईंचा प्रश्न शब्दांच्या मधल्या टाळीचा आहे आणि ती वेगळ्या गल्लीतून आलीये. शिवाय तुमच्या हिशोबाने सीनियर लोकांना कौतुक वाटायला हवं होतं, इथे तर काकांनाच टोमणा वाटला.

इमोजी म्हणून टाळीचे हात युनिकोडमध्ये २०१० ला आले. मधे मधे टाळी टाकायची पद्धत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या बोलण्यातून आलीये, आणि ती आधी खरीखुरी, हाताची पद्धत आहे. रागाने किंवा ठासून काही सांगायचं तर त्या बोलता बोलता प्रत्येक शब्दावर, कधी कधी शब्दाच्या प्रत्येक तुकड्यावर टाळी मारतात. तीच सवय ट्विटरवर लिहिण्यात उतरली, तिथून बाकीच्यांनी उचलली आणि २०१६-१७ च्या आसपास जगभर जो तो आपल्या मताच्या वाक्यात टाळ्या पेरायला लागला. आपल्याकडचे जे लोक तेव्हा विशी-तिशीत होते आणि इंग्रजी ट्विटर वाचायचे त्यांनी ती तिथून घेतली, आणि तुमची कमिटीवाली मुलगी वयाने लहान असली तरी ती त्यांच्याकडून शिकली असणार.

आता महत्त्वाचं. ग्रेचेन मॅकलॉक म्हणून कॅनडाची भाषाशास्त्रज्ञ आहे, इंटरनेटवरच्या भाषेवर तिचं २०१९ चं पुस्तक आहे, ती इमोजींकडे शब्द म्हणून बघत नाही, हातवारे म्हणून बघते. आणि हातवारे दोन जातीचे असतात. एक ज्याला स्वतःचा ठरलेला अर्थ आहे, जसा अंगठा, जसा नमस्कार, न बोलता नुसता दाखवला तरी समोरच्याला कळतो. दुसरा जो बोलण्याच्या ठेक्यावर आपोआप हलतो, पुढारी भाषणात टेबलावर बोट आपटतात तसा, त्या बोटाला अर्थ काही नाही, ते फक्त कुठे वजन द्यायचं ते सांगतं. मधली टाळी ही दुसऱ्या जातीची. नाना तिला पहिल्या जातीची म्हणून वाचतायत.

म्हणजे माझ्या मते भांडण अर्थाचं कमी आहे, टाळी कोण वाजवतंय याचं जास्त आहे. मुलीच्या मनात टाळी ती स्वतः वाजवतेय, बोलता बोलता. नानांच्या मनात टाळी प्रेक्षक वाजवतो, आणि प्रेक्षकाने चुकीवर वाजवलेली टाळी म्हणजे टोमणाच.

मखमलाबादचे_नाना

हे कोण वाजवतंय वालं बरं सांगितलंत. पण मग लिहिणाऱ्याने सांगायला नको का की मी वाजवतोय? वाचणाऱ्याला काय स्वप्न पडणार? समोर उभं राहून बोलताना माणूस दिसतो, त्याचा चेहरा दिसतो. इथे नुसते दोन हात आहेत, मागे माणूसच नाही.

पंचवटी_तबला

मी लहान मुलांना तबला शिकवतो, म्हणून टाळीचा विषय निघाला की गप्प बसवत नाही.

आपल्या संगीतात टाळी दर मात्रेला वाजत नाही हो. तीनतालात मात्रा सोळा, टाळ्या तीन. पहिल्या मात्रेला, पाचव्या, तेराव्या, आणि नवव्या मात्रेला टाळी न वाजवता हात नुसता बाजूला करायचा, ती खाली. म्हणजे टाळी मोजून मापून, जिथे वजन आहे तिथेच. दर मात्रेला टाळी कोण वाजवतं? मी वाजवतो, पहिल्या महिन्यात, सहा वर्षांच्या पोराला मोजायला शिकवताना. धा, धिन्, धिन्, धा, एकेक अक्षर सुटं करून. तेच मी मोठ्या माणसासमोर केलं तर त्याला वाटेल हा मला काय समजतोय.

तो टाकीचा मेसेज मला असाच ऐकू आला. टोमणा नाही आणि निव्वळ जोरही नाही, "तुला कळत नाही म्हणून फोडून सांगते" असा. काकांना जे टोचलं ते बहुतेक हेच असावं, फक्त त्यांनी नाव टोमण्याचं दिलं.

भाषेचा_किडा

@पंचवटी_तबला हे फार बरोबर पकडलंत. इंग्रजीत ज्या वाक्यांवर ही पद्धत वाढली त्यातले बरेच शब्द एका दमातले असतात, एक शब्द एक ठोका. मराठीत "टाकीचं", "लावत" असे शब्द दोन-तीन ठोक्यांचे, प्रत्यय पण शब्दालाच चिकटलेले, त्यामुळे टाळी ठोक्यावर पडतच नाही, दोन शब्दांच्या मधल्या फटीत पडते. वाचताना ताल लागत नाही, अडखळायला होतं.

आणि आपल्याकडे जोर द्यायला आधीपासून सामान आहे. "झाकण लावाच", "आत्ताच्या आत्ता लावा", "लावा हं", "लावा ना". एक च लावला की काम झालं, आणि तो च हव्या त्या एकाच शब्दावर बसतो. टाळी सगळ्या शब्दांवर सारखीच बसते. सगळ्यांवर सारखा जोर म्हणजे ऐकणाऱ्याला जोर कळत नाही, फक्त चिडलेली चाल कळते.

ना_घरका_एकोणीस

एचपीटीच्या त्या मुलाच्या बाजूने मी, वय एकोणीस.

आम्हाला टोमणा वाटतो पण नानांच्या कारणाने नाही. आम्ही कौतुकाची टाळी वगैरे काही धरत नाही डोक्यात. आम्ही लहान होतो तेव्हापासून इन्स्टावर, ट्विटरवर मोठी लोकं सिरीयसली असं लिहायची, स्त्रीशक्ती, पर्यावरण, मोटिवेशन, काहीही असो मधे मधे टाळ्या. मग ते इतकं झालं की कुणाची नक्कल करायची असली की आम्ही टाळ्या टाकतो. म्हणजे माझी मैत्रीण सलग चौथ्या दिवशी लेक्चरला आली नाही तर मी तिला पाठवते "शिक्षण 👏 हेच 👏 खरं 👏 धन 👏" आणि तिला बरोबर कळतं की मी आमच्या प्रिन्सिपल मॅमच्या आवाजात बोलतेय. त्यात टाळी माझी नाहीच, त्या मॅमची आहे.

त्यामुळे कुणी खरोखर मनापासून तसं लिहिलं की आम्हाला एक सेकंद कळतच नाही की हा नक्कल करतोय का खराय. आणि खरं असलं तर थोडं अवघड वाटतं त्यांच्यासाठी, सॉरी.

गोदाकाठची_अनू

@ना_घरका_एकोणीस अगं म्हणजे आम्ही चाळिशीवाले सिरीयसली लिहितो आणि तुम्ही आमची नक्कल करता असं ना? सॉरी म्हणून सोडते तुला 😄

पण मग माझं कोडं सुटलं बऱ्यापैकी. काकांना टोमणा वाटतो कारण टाळी प्रेक्षकाची, त्या मुलाला वाटतो कारण टाळी दुसऱ्याची उसनी. उत्तर एकच आलं पण रस्ते वेगळे.

अंबड_एचआर

माझं वय अडतीस, अंबडच्या एका कंपनीत आहे. आमच्या पिढीचा यात दोष नाही हो, आम्हाला टाळी ऑफिसातून मिळालीये. लिंक्डइनवर २०१९ ला लाइकसोबत जी बाकीची बटणं आली त्यात अभिनंदनाचं बटण म्हणजे टाळीचे हात. लॉकडाऊनमध्ये झूमवर माईक बंद ठेवून टाळी दाबायचो. त्यामुळे टाळी म्हणजे पॉझिटिव्ह हे डोक्यात पक्कं, आणि त्याच पॉझिटिव्ह मूडमध्ये मी टीमच्या ग्रुपवर टाकलं होतं:

टाइमशीट 👏 आज 👏 भरा 👏

मला वाटलं उत्साह वाटेल. दोन ट्रेनी पोरांनी त्याचा स्क्रीनशॉट काढून आपसात फिरवला आणि तो फिरत फिरत माझ्याकडेच आला, खाली लिहिलेलं "मॅम चिडल्यात". ज्यांचं वय पन्नासच्या पुढे त्या शॉप फ्लोअरच्या सुपरवायझरनी मात्र उत्तरात 👏👏 पाठवलं, त्यांना वाटलं टाइमशीट भरल्याबद्दल अभिनंदन आहे. एका मेसेजचे तीन अर्थ एकाच मजल्यावर.

शांत_नाशिकरोड

मला एक वेगळी बाजू सांगायचीये. मला दिसत नाही, फोनवर टॉकबॅक वापरतो. तुमच्यासाठी तो इमोजी आहे, माझ्यासाठी तो बोललेला शब्द आहे. तो मेसेज माझ्या कानाला असा येतो: "टाकीचं क्लॅपिंग हँड्स झाकण क्लॅपिंग हँड्स लावत क्लॅपिंग हँड्स जा क्लॅपिंग हँड्स." मराठी वाक्य, मधे इंग्रजी आवाजात नाव, दर वेळी भाषा बदलते म्हणून आवाजही अडतो. चार शब्दांचं वाक्य ऐकून झाल्यावर मला वाक्य काय होतं ते परत लावून बघावं लागतं. लांब मेसेज असेल तर मी सोडून देतो.

त्यामुळे जोर की टोमणा या वादात मी नाही, मला दोन्ही ऐकू येत नाही. शेवटी एकत्र दोन-तीन टाळ्या टाकल्या तर निदान वाक्य आधी संपतं.

पंचवटी_तबला

@शांत_नाशिकरोड हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. क्लासच्या ग्रुपवर पालकांपैकी एकजण तुमच्यासारखेच आहेत, त्यांना विचारतो.

भाषेचा_किडा

मी तोच टाकीचा मेसेज थोडा थोडा बदलून घरी तीन पिढ्यांना दाखवला. आई सत्तरीची, मी त्रेचाळीस, पुतणी वीस. घरातला प्रयोग आहे, संशोधन म्हणू नका. पण मजेशीर निघालं म्हणून सांगतो.

पहिला, मूळ मेसेज. आई म्हणाली खोचक आहे. मी म्हटलं जोर. पुतणी म्हणाली, "कुणी लिहिलंय त्याच्यावर." वय विचारलं तिने आधी, हे लक्षात घ्या.

मग टाळ्या उचलून शेवटी ठेवल्या. "टाकीचं झाकण लावत जा 👏👏👏". आई गोंधळली, म्हणे बहुतेक हात जोडलेत तिने, विनंती केलीये, चांगली मुलगी आहे. चष्मा पुसून परत बघितल्यावर म्हणाली, अगं बाई टाळ्या आहेत. नमस्काराचे हात आणि टाळीचे हात छोट्या अक्षरात सारखेच दिसतात, तिच्या वयाच्या बऱ्याच जणांचं हे होतं. पुतणीला यात काहीच टोचलं नाही.

मग सांगणं काढून कौतुक ठेवलं. "वा 👏 काय 👏 सोसायटी 👏". इथे तिघंही एका सेकंदात म्हणाले टोमणा. वादच नाही. कारण शब्द कौतुकाचे आणि परिस्थिती उलटी, टाळ्या काढल्या तरी तो टोमणाच राहतो.

शेवटी खरं कौतुक. "आज 👏 झाकण 👏 बंद 👏 होतं". मला वाटलं हे तरी गोड वाटेल. आई म्हणाली छान. मी आणि पुतणी दोघांनाही खोचक वाटलं, "एकदाचं" असं मधे न लिहिलेलं ऐकू आलं. आणि इथे आई वेगळी पडली, पहिल्यात ती खोचक म्हणणारी होती.

म्हणून मला आता वाटतं की म्हातारी माणसं शब्दांवरून ठरवतात. शब्द कौतुकाचे तर टाळी कौतुकाची, शब्द रागावल्याचे तर टाळी टोमण्याची. त्यांच्यासाठी शेवटी असो की मधे, जागेला महत्त्व नाही. आम्ही मधले जागेवरून ठरवतो, मधे आहे म्हणजे ठासून. आणि विशीतले लिहिणारा कोण आहे त्यावरून.

मखमलाबादचे_नाना

तुमच्या आईंचं आणि माझं जुळतंय. पण "म्हातारी माणसं शब्दांवरून ठरवतात" हे जरा सरसकट झालं. आमच्या हास्यक्लबच्या ग्रुपवर एक बाई आहेत, माझ्याच वयाच्या, त्यांची मुलगी न्यू जर्सीला असते. त्या "सकाळी 👏 वेळेवर 👏 यावे 👏" असं लिहितात आणि त्यांना विचारलं तर सांगतात, लेकीने शिकवलं, जोर द्यायला असतं. वय सदुसष्टच. म्हणजे कुणाकडून शिकलं त्याचा भाग जास्त दिसतोय, जन्मतारखेचा कमी.

आणि तरीही मी त्यांना सांगितलंय की मला ते वाचून हजेरीच्या रांगेत उभं राहिल्यासारखं वाटतं. त्या हसल्या. बंद केलं नाही.

कॉलेजरोड_कट्टेकरी

माझं म्हणणं मी सोडत नाही. कुठून का आली असेना, आपल्याकडे टाळीला दोन तोंडं त्या २०२० नंतरच आली.

ना_घरका_एकोणीस

@कॉलेजरोड_कट्टेकरी दादा तेव्हा मी शाळेत होते आणि मला तर त्याच्या आधीपासून आठवतंय हे. पण सिद्ध नाही करू शकत.

सिडको_पापडवाली

मी घरून पापड, कुरडया, मसाले करून कुरियरने पाठवते. इथलं सगळं वाचलं, माझी अडचण अशी की मला समोरच्याचं वय माहीतच नसतं. काल एका गिऱ्हाइकाचा मेसेज आला, नवीन नंबर, डीपीला गुलाबाचं फूल:

पाच 👏 दिवस 👏 झाले 👏

आता ही चिडलीये, का टोमणा मारतेय, का पार्सल मिळालं म्हणून खूश आहे? मी रात्रभर उत्तर दिलं नाही.

भाषेचा_किडा

@सिडको_पापडवाली खूश नाहीये एवढं नक्की 😄 खूश असती तर "मिळालं" हा शब्द आला असता. तुमच्या केसमध्ये जोर आणि टोमणा यातला फरक शोधत बसू नका, दोन्ही धरले तरी तक्रार एकच आहे, पार्सल आलं नाही. फरक तेव्हा बघायचा जेव्हा वाक्यात मागणी नसते. इथे दिवस मोजलेत म्हणजे मागणी आहे.

अंबड_एचआर

आणि उत्तरात तुम्ही टाळी टाकू नका. सरळ लिहा कुरियरचा नंबर आणि कधी पोचेल ते. गुलाबाच्या फुलावरून वय काढायच्या भानगडीत पडू नका, माझ्या टीमची एक बावीस वर्षांची पोरगी गुलाबच ठेवते.

मखमलाबादचे_नाना

आधी "माफ करा" लिहा. मग नंबर.

सिडको_पापडवाली

लिहिलं. कुरियरवाल्याला फोन केला तर पार्सल पुण्याहून परत फिरलंय, पिनकोडचा एक आकडा चुकलेला होता. तिने उत्तरात नुसता 🙏 पाठवलाय. का टाळी आहे ती? मोबाइल जुना आहे माझा, नीट दिसत नाही.

सातपूरचा_बंटी

ताई मेसेज कॉपी करून इथे टाका, मोठा करून सांगतो.